शून्याखाली शून्य

भवानी पेठेत अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवताना माझ्या फोनवर रोज वर्कशीटचे फोटो येतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेला कागद, त्याला मधोमध पडलेली घडी, वरून ट्यूबलाइटची चकाकी आणि एका गणिताभोवती पेनाने काढलेलं वर्तुळ. खाली एकच ओळ असते : ‘सर, हे 0/0 येतंय. चुकलं का?’

चुकलेलं नसतं. सीमेच्या गणितात किंमत घातल्यावर 0/0 आलं, म्हणजे गणित आता सुरू झालं. पण मुलं तिथेच थांबतात, याचं कारण त्यांना तीन रीती तीन वेगवेगळ्या युक्त्या म्हणून शिकवलेल्या असतात. बहुपदी दिसली की अवयव पाडा, करणी दिसली की परिमेयीकरण करा, काहीच सुचलं नाही की वरचं आणि खालचं डेरिव्हेटिव्ह घ्या. गणित समोर आलं की कुठली युक्ती काढायची, हाच प्रश्न होऊन बसतो. या तिन्ही रीती मुळात एकच काम करतात, आणि ते काम एकदा दिसलं की निवडीचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. ते काम काय आहे, हे अशाच एका फोटोतल्या चार गणितांच्या आधाराने सावकाश पाहू.

पहिलं गणित असं : x जेव्हा −2 कडे जातो तेव्हा (x² + 5x + 6)/(x² − 4) कुठे जातं?

−2 घालून पाहू. वर 4 − 10 + 6, म्हणजे 0. खाली 4 − 4, म्हणजे 0. आता 0/0 या चिन्हाकडे जरा निरखून पाहायला हवं. 6/3 म्हणजे 2, कारण 3 ला 2 ने गुणलं की 6 येतात. 0/0 म्हणजे काय? शून्याला कशाने गुणलं की शून्य येतं? कशानेही. 5 चालेल, −1/4 चालेल, दहा लाख चालतील. म्हणून याला अनिश्चित रूप म्हणतात. हे 6/0 पेक्षा अगदी निराळं आहे. 6/0 ला एकही उत्तर बसत नाही आणि 0/0 ला सगळीच बसतात. −2 ही एकटी संख्या घालून जी माहिती हाती आली, ती उत्तर ठरवायला पुरेशी नाही, एवढंच 0/0 सांगतं. राहिलेली माहिती −2 च्या आसपास आहे.

पण 0/0 आणखी एक गोष्ट सांगतं आणि ती फार मोलाची आहे. एखादी बहुपदी x = −2 ला शून्य होते, तेव्हा (x + 2) हा तिचा अवयव असतोच. नववीत शिकवलेला अवयव सिद्धांत तो हाच. वर शून्य आलं म्हणजे वरच्या राशीत (x + 2) दडलेला आहे. खाली शून्य आलं म्हणजे खालच्या राशीतही तो आहे. आता अवयव पाडताना चाचपडावं लागत नाही, एक अवयव आधीच हातात आहे. वर (x + 2)(x + 3), खाली (x + 2)(x − 2). x हा −2 कडे जातो आहे, −2 झालेला नाही, म्हणून (x + 2) शून्य नाही आणि त्याने भागणं पूर्ण कायदेशीर आहे. उरलं (x + 3)/(x − 2). इथे −2 घातले की 1/(−4), म्हणजे −1/4.

अंशाला आणि छेदाला एकाच वेळी शून्याकडे नेणारा जो समाईक अवयव आहे, तो ओळखायचा आणि काढून टाकायचा. या निरूपणात सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळं, तो अवयव वेगवेगळ्या वेषांत कसा लपतो आणि त्याला बाहेर कसं काढायचं, याचा तपशील आहे.

दुसऱ्या गणिताकडे जाण्याआधी फोटोबद्दल थोडं बोलायला हवं, कारण निम्मे घोटाळे गणितात नसून कागद वाचण्यात होतात. याच गणितात बाणापुढचं उणे चिन्ह घडीत गेलं आणि मुलाने x → 2 असं उतरवून घेतलं, असं समजा. मग वर 4 + 10 + 6 म्हणजे 20, खाली 0. हे 0/0 नाही, 20/0 आहे. सीमांच्या या धड्यावरच्या वर्कशीटमध्ये बहुतेक गणितं मुद्दाम 0/0 येईल अशीच रचलेली असतात. म्हणून शून्याखेरीज काही भागिले शून्य आलं, की पेन खाली ठेवून पहिल्यांदा कागद पुन्हा वाचावा. चिन्ह हरवलंय का, घातांक 3 चा 2 वाचला गेलाय का, करणीची आडवी रेघ कुठपर्यंत आहे? किंमत घालून पाहणं ही उत्तर काढण्याची पहिली पायरी आहे, तशीच ती आपण गणित बरोबर उतरवलं की नाही याची तपासणीही आहे. अर्थात ही तपासणी संशय दाखवते, निकाल देत नाही. कधी शिक्षकच मुद्दाम सीमा अस्तित्वात नसलेलं गणित मध्ये घालतात. आणि वाचण्यातली चूक अशीही होऊ शकते की चुकीच्या गणितातही 0/0 च यावं. तेव्हा ही युक्ती काही कामाची नाही, तिथे मागे छापलेली उत्तरंच आधार.

दुसरं गणित : x → 2 असताना (√(x + 7) − 3)/(x − 2).

इथे करणीची रेघ महत्त्वाची. फोटो अस्पष्ट असला की मुलं √x + 7 − 3 असं वाचतात, करणी फक्त x वर. तसं धरून 2 घातले तर वर 1.414 + 4, म्हणजे सुमारे 5.41 आणि खाली 0. ही संशयाची खूण. रेघ 7 च्याही वर आहे असं धरलं तर √9 − 3, म्हणजे 0, आणि खाली 0. गणित असंच असणार.

आता वर (x − 2) हा अवयव आहे का? √(x + 7) − 3 मध्ये तो डोळ्यांना दिसत नाही. ही बहुपदी नाही, म्हणून अवयव सिद्धांतही थेट लागत नाही. तरी तो तिथे आहे, करणीच्या आत बसलेला. नववीत द्विपद करणीची अनुबद्ध जोडी शिकलो होतो : √a − b ची जोडी √a + b, दोघांचा गुणाकार केला की करणी जाते. तीच इथे कामी येते. वर आणि खाली √(x + 7) + 3 ने गुणू. वरचा गुणाकार (x + 7) − 9, म्हणजे x − 2. बाहेर आला. खालच्या (x − 2) बरोबर तो कटतो आणि उरतं 1/(√(x + 7) + 3). 2 घातले की 1/6.

या ठिकाणी मुलं एका जुन्या सवयीमुळे अडतात. नववीत परिमेयीकरण म्हणजे छेदाचं परिमेयीकरण. करणी खाली ठेवायची नाही, वर चालेल, अशी शिस्त तिथे लागते. इथे करणी अंशात आहे आणि परिमेयीकरण केल्यावर ती उलट छेदात जाऊन बसते. काही मुलांना हे चुकल्यासारखं वाटतं आणि ती छेदातली करणी घालवायला पुन्हा छेदाच्या जोडीने गुणतात. मग गणित जिथून निघालं तिथेच परत येतं. इथे करणी घालवणं हा हेतू नाही. (x − 2) बाहेर काढणं हा हेतू आहे. तो निघाला, कटला, की करणी कुठे का राहीना. दुसरी चूक खालच्या बाजूला होते : मुलं उत्साहाने (x − 2)(√(x + 7) + 3) हा कंस सोडवून मोकळी होतात. मग जो अवयव मुश्किलीने वर दिसायला लागला, तो खाली पुन्हा लपतो. खालचा कंस कधीही सोडवू नये.

परिमेयीकरण हे अवयव पाडण्यापेक्षा वेगळं नाही, हे स्वच्छ पाहायचं असेल तर √(x + 7) ला t म्हणा. मग x = t² − 7, आणि x − 2 = t² − 9. x हा 2 कडे जातो तेव्हा t हा 3 कडे जातो. गणित झालं (t − 3)/(t² − 9), म्हणजे (t − 3)/((t − 3)(t + 3)). करणी कुठेच नाही. (t − 3) कटला, 1/(t + 3) उरलं, उत्तर 1/6. पहिल्या गणितात केलं होतं तेच, फक्त चल बदलून. ज्या मुलांना अनुबद्ध जोडीची आकडेमोड जड जाते त्यांना मी हा मार्ग आवर्जून दाखवतो. घनमूळ आलं तर तर हाच बरा, कारण तिथे जोडीला a² + ab + b² असा लांबलचक कंस लागतो.

उत्तर खरं आहे का, हे कॅल्क्युलेटरवर पाहता येतं. x = 2.1 घेतला तर किंमत 0.1662, x = 2.01 ला 0.16662, दुसऱ्या बाजूने x = 1.99 ला 0.16671. 1/6 म्हणजे 0.16667. दोन्ही बाजूंनी तिकडेच चाललंय. ही सिद्धता नव्हे, पण चिन्हाची किंवा दुपटीची चूक असेल तर ती अशी लगेच उघडी पडते.

आता तिसरी रीत, जिच्यावर मुलांचा सगळ्यात जास्त जीव असतो. 0/0 आलं की वरचं डेरिव्हेटिव्ह भागिले खालचं डेरिव्हेटिव्ह. दुसऱ्याच गणितात करून पाहू. वरचं डेरिव्हेटिव्ह 1/(2√(x + 7)), खालचं 1. x = 2 घालून 1/6. एका ओळीत काम झालं. हे का चालतं?

समजा वरची राशी f(x), खालची g(x), आणि x = a ला दोन्ही शून्य. f(a) शून्यच असल्यामुळे f(x) च्या जागी f(x) − f(a) लिहिलं तरी काही बिघडत नाही. तसंच खाली. आता वरच्याला आणि खालच्याला दोघांनाही (x − a) ने भागू. वर झालं (f(x) − f(a))/(x − a), आणि x हा a कडे जाताना हे f चं डेरिव्हेटिव्ह होतं, कारण डेरिव्हेटिव्हची व्याख्याच ती आहे. खाली तसंच g चं. म्हणजे इथेही अंशछेदांतून (x − a) काढूनच टाकला. फरक एवढाच की अवयव पाडताना आपण (x − a) काढल्यावर उरलेली राशी लिहून दाखवतो, आणि इथे ती राशी न लिहिता a पाशी तिची किंमत काय उरते तेवढी काढतो. ही सोपी सिद्धता खालचं डेरिव्हेटिव्ह a ला शून्य नसेल तेव्हाची. त्यापुढच्या प्रकारांना कोशीचा मध्यमान सिद्धांत लागतो, पण आशय हाच.

याचं चित्र डोळ्यांपुढे हवं असेल तर असं समजा, दोघेजण रूपाभवानीच्या देवळाकडे निघालेत, एक सायकलवर ताशी 12 किलोमीटर वेगाने, दुसरा पायी ताशी 4 ने, आणि दोघे नेमके एकाच क्षणी दाराशी पोहोचणार आहेत. पोहोचण्याच्या एक मिनिट आधी सायकलवाल्याचं 200 मीटर अंतर उरलंय, पायी चालणाऱ्याचं साधारण 67 मीटर. दहा सेकंद आधी 33 आणि 11. उरलेल्या अंतरांचं गुणोत्तर दर वेळी 3 आणि ते वेगांचंच गुणोत्तर आहे. पोहोचल्या क्षणी दोन्ही अंतरं शून्य, 0/0. पण शून्याकडे कोण किती वेगाने येत होतं, हे वेग सांगतात, आणि डेरिव्हेटिव्ह म्हणजे वेगच. हे दोघे दाराशी येताना हळूहळू थांबले, म्हणजे पोहोचताना दोघांचा वेगही शून्य झाला, तर वेगांचं गुणोत्तरही 0/0 होईल आणि मग ब्रेक कोणी किती लावला ते पाहावं लागेल. एकच जण थांबत आला आणि दुसरा वेगात आला, तर थांबत येणाऱ्याचं अंतर दुसऱ्याच्या मानाने नगण्य होत जाईल. पुढची दोन गणितं या दोन प्रकारांचीच आहेत.

ही रीत लोपितालच्या नावाने ओळखली जाते. फ्रान्सचा हा सरदार मार्की द लोपिताल. त्याचं १६९६ साली पॅरिसमध्ये निघालेलं पुस्तक हे डिफरन्शियल कॅलक्युलसचं पहिलं छापील पाठ्यपुस्तक. त्यात हा नियम आला. पण शोध त्याचा नव्हे. त्याचा शिक्षक योहान बर्नुली याच्याशी १६९४ मध्ये त्याने व्यवहार केला होता : वर्षाला ३०० लीव्र मानधन, त्या बदल्यात बर्नुलीने आपले नवे शोध लोपितालला कळवायचे आणि दुसऱ्या कोणाला द्यायचे नाहीत. १७०४ मध्ये लोपिताल वारल्यावर बर्नुलीने नियम आपला असल्याचं सांगितलं. त्या दोघांचा पत्रव्यवहार १९५५ साली छापून आला तेव्हा बर्नुलीचं म्हणणं खरं ठरलं. पुस्तकात या नियमाखाली जे पहिलं उदाहरण आहे ते आजच्या वर्कशीटमध्येही शोभेल. त्यातल्या a ला 1 मानलं तर ते असं होतं : x → 1 असताना (√(2x − x⁴) − ∛x)/(1 − ∜(x³)). वर्गमूळ, घनमूळ आणि चौथं मूळ एकाच ठिकाणी. अनुबद्ध जोड्या लावून याचे अवयव मोकळे करायला बसलं तर कागद भरेल. डेरिव्हेटिव्हने मात्र वर −1 − 1/3, म्हणजे −4/3 येतं, खाली −3/4, आणि उत्तर 16/9. हा नियम कुठे हवा आणि कुठे नको, याचं उत्तर या उदाहरणातच आहे : (x − a) आत आहे हे माहीत असूनही त्याला हाताने बाहेर काढणं फार कष्टाचं असेल, तिथे तो हवा.

तिसरं गणित : x → 1 असताना (x³ − 3x + 2)/(x² − 1).

1 घातला की 0/0. एका मुलीने डेरिव्हेटिव्ह घेतलं : (3x² − 3)/(2x). इथे 1 घातला तर 0/2. तिला वर शून्य दिसलं आणि हात थांबला नाही. आणखी एकदा डेरिव्हेटिव्ह घेऊन 6x/2 लिहिलं आणि उत्तर काढलं 3. खरं उत्तर 0 आहे. 0/2 हे काही अनिश्चित रूप नाही, ते साधं शून्य आहे. नियमाची अट दर पायरीला तपासायची असते, ती फक्त सुरुवातीला तपासून भागत नाही.

इथे अवयव पाडले असते तर चूक झालीच नसती, म्हणून हे उदाहरण मला फार आवडतं. वरची राशी आहे (x − 1)²(x + 2). खालची (x − 1)(x + 1). वर (x − 1) दोनदा आहे, खाली एकदाच. एक जोडी कटली तरी वर एक (x − 1) शिल्लक राहतो आणि तोच उत्तराला शून्याकडे नेतो. देवळाच्या चित्रात हा थांबत येणारा माणूस. x = 1.01 घालून पाहिलं तर किंमत सुमारे 0.015 येते, 3 च्या आसपाससुद्धा नाही. हेच गणित उलटं असतं, म्हणजे जादाचा (x − 1) खाली उरला असता, तर सीमा अस्तित्वातच नसती : उजव्या बाजूने किंमत धन होऊन बेसुमार वाढते, डाव्या बाजूने ऋण होऊन. म्हणजे 0/0 पाहून उत्तर काय येणार हे सांगता येत नाही, पण दडलेला अवयव वर किती वेळा आणि खाली किती वेळा आहे हे पाहिलं की उत्तराची जात लगेच कळते. वर जास्त वेळा, तर शून्य. समान वेळा, तर शून्येतर ठाम संख्या. खाली जास्त वेळा, तर सीमा नाही.

डेरिव्हेटिव्हच्या रीतीतल्या आणखी दोन चुका फोटोंतून सारख्या दिसतात. पहिली, भागाकाराचा नियम लावणं. बारावीची मुलं सवयीने v² खाली ठेवून पूर्ण अपूर्णांकाचं डेरिव्हेटिव्ह काढतात. इथे वरचं वेगळं, खालचं वेगळं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दुसरी, 0/0 नसताना नियम चालवणं. x → 1 असताना (x² + 3)/(x + 2) ची सीमा सरळ 4/3 आहे. डेरिव्हेटिव्ह घेतलं तर 2x/1, म्हणजे 2, साफ चूक. वरच्या सिद्धतेत f(a) = 0 हे वापरल्यावरच (x − a) काढता आला होता. तो तिथे नसेल तर काढणार काय?

चौथं गणित जरा निराळ्या पेचाचं : x → 0 असताना (1 − cos x)/x².

खाली x दोनदा आहे हे उघड दिसतं. वर तो किती वेळा आहे? डेरिव्हेटिव्ह घेऊ : sin x/(2x). अजून 0/0. पुन्हा घेऊ : cos x/2. आता 1/2. दोन फेऱ्या लागल्या, म्हणजे वरही x दोनदा दडलेला होता. दोघेही देवळाशी थांबत आले. अनुबद्ध जोडीनेही हे सुटतं : वर-खाली (1 + cos x) ने गुणलं की वर sin²x येतं, आणि (sin x/x)² ची सीमा 1 असल्यामुळे उत्तर 1/2 च. करणी नसताना जोडी कशी, असं मुलं विचारतात. जोडीचं काम करणी घालवणं हे नव्हेच, लपलेलं बाहेर काढणं हे आहे, याचा हा पुरावा.

पण इथे डेरिव्हेटिव्ह घेताना आपण sin चं डेरिव्हेटिव्ह cos असतं हे गृहीत धरलं. ते सिद्ध करताना sin x/x ची सीमा 1 आहे हे आधी लागतं. म्हणून जो कोणी sin x/x ची सीमा डेरिव्हेटिव्हने ‘सिद्ध’ करतो तो जे सिद्ध करायचं तेच वापरतो आहे. आपल्या बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात सीमांचा धडा आधी आणि डेरिव्हेटिव्हचा नंतर येतो, तो याच क्रमाने. त्या धड्यात (xⁿ − aⁿ)/(x − a) ची सीमा naⁿ⁻¹ हे सूत्र अवयव पाडून मिळवतात, आणि पुढे तेच सूत्र xⁿ चं डेरिव्हेटिव्ह म्हणून परत येतं. सीमांच्या धड्यावरच्या लेखी उत्तरात म्हणूनच पायऱ्या अवयवांच्या किंवा परिमेयीकरणाच्या लिहाव्यात. सीईटीला पायऱ्यांचे गुण नसतात, तिथे डेरिव्हेटिव्ह खुशाल वापरावं. उत्तर माहीत असलेल्या गणितात ताळा म्हणूनही ते उत्तम.

आणि एक मर्यादा. वेगांच्या गुणोत्तराला सीमा नसेल, तर मूळ गणितालाही ती नाही असं म्हणता येत नाही. x अनंताकडे जाताना (x + sin x)/x घ्या. हे ∞/∞ चं रूप, यालाही नियम लागू होतो. डेरिव्हेटिव्हने (1 + cos x)/1 मिळतं, जे कायम वर-खाली होत राहतं, त्याला सीमा नाही. मूळ राशी मात्र 1 + (sin x)/x आहे आणि ती मुकाट्याने 1 कडे जाते. नियम गप्प बसला म्हणजे गणित बसलं असं नव्हे.

शून्याखाली शून्य आलं की घाईने निकाल द्यायचा नाही, ही शिकवण आपल्याकडे लोपितालच्या साडेपाचशे वर्षं आधी लिहिली गेली. सह्याद्रीच्या आश्रयाला राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातल्या लीलावतीत शून्याच्या आठ क्रिया आहेत. शून्याने भागलेल्या राशीला ते खहर म्हणतात. शून्याने गुणलेल्या राशीबद्दल त्यांची सूचना लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे : पुढे आणखी क्रिया उरल्या असतील तर राशीला लगेच शून्य म्हणू नका, शून्य हा गुणक म्हणून शेजारी तसाच ठेवा, आणि पुढे शून्याने भागायची वेळ आली तर राशी बदललेली नाही असं समजा. त्यावर उदाहरण दिलं आहे : एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच अर्धं मिळवलं, तिप्पट केली, शून्याने भागलं, ६३ आले. संख्या कोणती? गुणक शून्य बाजूला ठेवून मोजलं तर संख्येची दीडपट, तिची तिप्पट म्हणजे साडेचारपट, ती ६३, म्हणून संख्या १४. ग्रहगणितात या रीतीचा मोठा उपयोग होतो, असंही ते तिथे नोंदवतात.

आजच्या लिपीत शून्याच्या जागी h लिहा : 3(xh + xh/2)/h = 63. h वर आहे, h खाली आहे, तो कटतो. भास्कराचार्यांनी जो गुणक बाजूला राखून ठेवला तोच आपला (x − a). अर्थात त्यांच्या रीतीत एक गोष्ट गृहीत आहे, की वरचं शून्य आणि खालचं शून्य एकच आहे, आणि दोन्हीकडे एकेकदाच आहे. तिसऱ्या गणितासारखं वर दोनदा शून्य आलं तर 0 आणि 0² यांच्यात फरक करायला शून्य या चिन्हापाशी काहीच साधन नाही, दोन्ही नुसती 0 च दिसतात. h ला शून्याच्या जवळ, पण शून्य नव्हे असं धरलं की h आणि h² वेगळे ओळखू येतात. सीमेच्या कल्पनेने भर घातली ती इथे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात आहे. अकरावीच्या वर्गात लोपितालचं नाव घेतलं जातं तेव्हा लीलावतीतलं हे उदाहरणही फळ्यावर यायला हवं, कारण ते या धड्याचाच भाग आहे.

आता माझ्याकडे फोटो पाठवणाऱ्या मुलांना, आणि अशीच वर्कशीट घेऊन बसलेल्या सगळ्यांना एक विनंती. फोटो पाठवण्याआधी x ची किंमत वर वेगळी आणि खाली वेगळी घालून पाहा, आणि आलेले दोन आकडे गणिताशेजारी लिहा. दोन्ही शून्य असतील तर कुठला अवयव दडलाय तेही लिहा : x → 5 असेल तर (x − 5), x → −2 असेल तर (x + 2). एवढं लिहून झाल्यावरही अडलं, तर फोटो जरूर पाठवा, आणि करणीची रेघ कुठे संपते ते नीट दिसेल असा काढा.